बेरीज जुळली ना, मग झालं!

आपण कुणाचं देणं लागतो असं कळलं की माणूस एकदम कायदेपंडित होतो. पुरावा मागतो, तारीख विचारतो, सही कुणाची ते चष्मा लावून बघतो. कुणी आपलं देणं लागतं असं कळलं की मात्र त्याला एकच प्रश्न पडतो : खिडकी कुठली? आमच्या पतसंस्थेचा निरोप मोबाइलवर आला, 'आपल्या सन २००९-१० च्या कर्जखात्यावर रु. ८७४ व्याज जादा आकारल्याचे आढळून आले आहे', तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वाचनाला तो मला अधिकच खरा वाटत गेला.

"मला तेव्हाच शंका आली होती," मी घरात जाहीर केलं. वास्तविक तेव्हा मला शंका सोडाच, व्याज कसं काढतात हेही ठाऊक नव्हतं.

"नुसते ८७४ घेऊन येऊ नका," बायको म्हणाली. "इतकी वर्षं त्यांनी वापरले ना? मग त्याच्यावरचं व्याज मागा."

स्कूटरसाठी घेतलेलं ते कर्ज. ५०,००० रुपये, दर साल दर शेकडा १२. स्कूटर केव्हाच भंगारात गेली, पण कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला मी लॅमिनेट करून ठेवलाय. आयुष्यात आपण पूर्ण निर्दोष असल्याचा तेवढाच एक सही-शिक्क्याचा कागद माझ्यापाशी आहे. तो घेऊन मी निघालो.

पतसंस्थेत जत्रा भरली होती. जुनी लेजरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम चाललं होतं आणि त्यातून निघालेली 'व्याज तफावत यादी' मॅनेजरसाहेबांनी उत्साहाच्या भरात तपासायच्या आधीच सभासदांना कळवून टाकली होती. गर्दीचे आपोआप दोन पक्ष पडले होते. ज्यांचं येणं निघालं होतं ते विज्ञानाच्या बाजूचे. "यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," असं त्यांचं मत. ज्यांचं देणं निघालं होतं ते परंपरेच्या बाजूचे. घर बांधायला हप्त्याहप्त्यानं कर्ज उचललेले आमचे गुरुजी तिथे बाकावर बसून होते. त्यांच्याकडे दोन हजारांवर थकबाकी निघाली होती. "हातानं लिहिलेल्या अक्षरात एक जबाबदारी असते," ते मला म्हणाले. हेच गुरुजी वर्गात माझ्या हातच्या अक्षराला काय म्हणायचे ते मी त्यांना आठवून दिलं नाही. येणं वसूल करायला निघालेल्या माणसानं मन मोठं ठेवावं.

हातानं लिहिलेलं ते अक्षर तात्यांचं. तात्या संस्थेचे जुने कारकून, आता निवृत्त. पण त्यांचा सात आणि सहा त्यांच्याशिवाय कुणालाच ओळखू येत नसल्यानं त्यांना खास बोलावून घेतलं होतं. तात्यांचा एकच देव, बेरीज. दिवसांच्या रकान्याची बेरीज ३६५ आली की ते चहा मागवत आणि ३६४ आली तर घरी जेवायला जात नसत. लेकीच्या लग्नात पंगतीतली पानं आणि वाढलेले लाडू यांचा ताळेबंद जुळेना, म्हणून त्यांनी म्हणे वरातीला पाच मिनिटं थांबवलं होतं. पाच मिनिटं की पंचवीस, याबद्दल वऱ्हाडात आणि तात्यांत अजून तफावत आहे.

"यंत्र म्हणतंय तुमचं व्याज ३,३०१," तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी लावलंय ४,१७५. माझ्या बेरजा जुळलेल्या आहेत."

"आमच्यापण जुळल्यात, काका," कॉम्प्युटरपाशी बसलेला डेटा एंट्रीचा पोरगा म्हणाला. "नावे जुळलं, जमा जुळलं. दिवस तर बरोब्बर ३६५."

तात्यांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच जरा मायेनं पाहिलं. शत्रूसुद्धा आपल्याच देवाचा भक्त निघाला होता.

माझं खातं तसं साधं. १ एप्रिलला ५०,००० उचलले. मग १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारी अशा तीन तारखांना दहा-दहा हजार भरले. म्हणजे मुद्दल शिल्लक ५०,००० वरून ४०,०००, मग ३०,०००, मग २०,०००. प्रत्येक शिल्लक किती दिवस अंगावर होती ते तिच्यासमोर लिहायचं : ९१, ९२, ९२ आणि शेवटच्या तिमाहीचे ९०. शिल्लक गुणिले दिवस, असा ओळीओळीचा गुणाकार काढायचा, सगळे गुणाकार एकत्र करायचे, त्याला १२ नं गुणून ३६,५०० नं भागायचं. व्याज हातात. पूर्वीची कारकून मंडळी हे सगळं झोपेतसुद्धा करत असत. काही जण तर झोपेतच करत, असं जुने सभासद सांगतात.

"गुणाकार मी टाइपच केला नाही," पोरगा म्हणाला. "ते मशीन करतं. शिल्लक आणि दिवस टाकले की झालं." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं :

```
=SUMPRODUCT(F2:F6,G2:G6)*12/36500
```

मला त्यातलं काही कळलं नाही, पण उत्तर माझ्या बाजूचं असल्यामुळे मी समजल्यासारखी मान हलवली. "अगदी शास्त्रशुद्ध आहे," असंही म्हणालो.

तात्या डगमगले नाहीत. त्यांनी माझं लेजर मागवलं. एक शिपाई आणि एक सभासद अशा दोघांनी मिळून ते टेबलावर आणून आदळलं आणि धुळीचा असा लोट उठला की विज्ञान आणि परंपरा दोन्ही पक्ष एकत्र शिंकले. तात्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "यंत्राच्या गुणाकारांची बेरीज काय येते?"

"एक कोटी चाळीस हजार."

"माझी एक कोटी सत्तावीस लाख. फरक २६,६०,०००. आता बघा हं." त्यांनी फरकातले आकडे बोटांवर मिळवले. "दोन आणि सहा आठ, आणि सहा चौदा. नवानं जात नाही. म्हणजे माझ्या हातून आकड्यांची उलटापालट झालेली नाही. पान शुद्ध आहे."

हा नवाचा तोडगा मला नवा होता. तात्यांनी मग मला समोर बसवून शिकवला. लिहिताना ८३ चे ३८ झाले तर फरक ४५ पडतो. ७६ चे ६७ झाले तर ९. शेजारचे दोन आकडे एकमेकांच्या जागी गेले की फरक काहीही पडो, त्याला नवानं भाग जातोच, मग ते एकं-दहमात असोत नाहीतर लाख-दहा लाखात. म्हणून तफावत आली की कारकून आधी तिच्यातल्या आकड्यांची बेरीज करून नवानं जाते का बघतो. गेली तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत असा संशय घ्यायचा आणि तसली जोडी शोधत बसायचं.

"आणि गेली तर उलटापालटच असं नक्की?" मी विचारलं.

"नक्की नाही. दर नवातली एखादी तफावत योगायोगानंही नवानं जाते. तो इशारा आहे, निकाल नाही." मॅनेजरसाहेब मागे उभे राहून हे सगळं ऐकत होते. त्यांनी ते किती नीट ऐकलं ते नंतर कळलं.

थोडक्यात, लेजर निर्दोष सुटलं होतं, कॉम्प्युटर निर्दोष होताच, दोन्हीकडच्या बेरजा जुळत होत्या आणि मधे माझे ८७४ रुपये सुखरूप होते. मी खिशातला दाखला काढून ठेवला आणि विचारलं, "मग व्हौचर कुणी करायचं?"

तेवढ्यात तात्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पडद्याला नाक लावलं. कागद वाचताना ते ओळ आडवी वाचतात. पोरगा आणि मी इतका वेळ उभ्या बेरजाच बघत होतो. तात्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"एक एप्रिल. शिल्लक पन्नास हजार. दिवस?"

दिवसांचा चौकोन कोरा होता.

"म्हणजे यांनी पन्नास हजार नेले आणि ते एक दिवसही वापरले नाहीत?" तात्या माझ्याकडे वळले. "स्कूटर त्याच दिवशी परत केली होती काय?"

मी काही बोललो नाही. येणं निघालेल्या माणसानं अशा वेळी बोलू नये.

तात्या पुढच्या ओळीवर आले. "एक जुलै. शिल्लक चाळीस हजार. दिवस एक्याण्णव." त्यांनी मूठ वळली आणि बोटांच्या पेरांवर महिने मोजायला सुरुवात केली : जुलै वरती, ३१. ऑगस्ट पुन्हा वरती, ३१. सप्टेंबर खाचेत, ३०. "ब्याण्णव व्हायला पाहिजेत. एक्याण्णव हे एप्रिल-मे-जूनचे आहेत. दिवस एक ओळ खाली घसरलेत!"

मग सगळा प्रकार उलगडत गेला. जाडजूड लेजर, समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. उजव्या पानावर दिवस, गुणाकार, व्याज. लेजर उघडं ठेवलं तरी मधल्या शिवणीपाशी पोट फुगतं, म्हणून स्कॅन करताना दोन पानांच्या दोन वेगळ्या प्रतिमा घेतल्या होत्या. पोरगा आधी डावं पान टाइप करायचा, मग उजवं. तेही ओळीनं नाही, रकान्यानं. नंपॅडवर आकडा मारला की खालचा बाण, आकडा मारला की खालचा बाण. त्यामुळे वेग दुप्पट होतो, असं तो म्हणाला, आणि ते खरंही असणार. फक्त डाव्या पानाची तिसरी ओळ आणि उजव्या पानाची तिसरी ओळ एकच आहे की नाही, हे या वेगात कुणालाच दिसत नाही.

"पण सुरुवातीलाच एक ओळ कोरी का सोडलीस बाळा?" तात्यांनी विचारलं.

"तिथे काहीतरी लिहिलेलं होतं, काका. वाचता आलं नाही. म्हणून एक ओळ रिकामी ठेवली."

तात्यांनी लेजरचं उजवं पान उघडलं. पहिल्या ओळीच्या वर, दिवसांच्या रकान्यात, जांभळ्या शाईचा एक गोल शिक्का किंचित तिरका बसला होता. आतली अक्षरं पसरली होती, पण शब्द लागत होता : 'तपासले'.

ऑडिटरचा शिक्का! सगळा घोटाळा 'तपासले' या शिक्क्यानं केला होता. पान तपासलं होतं म्हणून चुकलं होतं. न तपासलेली पानं बघितली तर ती सगळी व्यवस्थित टाइप झालेली निघाली.

आता पाहा गंमत. दिवस एक ओळ खाली आले, तरी दिवसांची बेरीज ३६५ च राहिली, कारण शेवटचे ९० दिवस ३१ मार्चच्या व्याज आकारणीच्या ओळीत जाऊन बसले. त्या ओळीतही शिल्लक २०,००० च लिहिलेली, त्यामुळे तिथेही काही खटकलं नाही. पैशांच्या बेरजांना तर धक्काच लागला नव्हता. कोऱ्या चौकोनाबद्दल सूत्रानंही हूं की चूं केलं नाही. रिकामं म्हणजे शून्य समजून ते पन्नास हजारांवरचं तीन महिन्यांचं व्याज माफ करून पुढे गेलं. उभी बेरीज फक्त रकाना पुरा आहे की नाही एवढंच सांगते. कुठला दिवस कुठल्या रकमेसमोर बसलाय, हे तिच्या गावीही नसतं. ते बघायचं तर आडवंच वाचावं लागतं. या ओळीची तारीख, पुढच्या ओळीची तारीख, त्यांतलं अंतर, आणि तेवढेच दिवस समोर आहेत का.

गुरुजींचं कोडंही तिथेच सुटलं. माझं कर्ज उतरत गेलं होतं, म्हणून दिवस खाली घसरले की ते लहान शिल्लकेसमोर आले आणि व्याज कमी झालं. गुरुजींचं कर्ज चढत गेलं होतं, पाया, मग जोतं, मग स्लॅब. त्यांचे दिवस खाली घसरून मोठ्या शिल्लकेसमोर गेले आणि व्याज फुगलं. हे ऐकताच गुरुजी बाकावरून उठले. "मी म्हटलं नव्हतं, यंत्राला काय कळतंय!" आणि मला पाठीवर थाप मारून प्रसन्न मुद्रेनं निघून गेले. विज्ञानाच्या पक्षात एकदम शांतता पसरली. "पण शिक्का तिथे मारायलाच कशाला हवा होता?" एवढंच कुणीतरी पुटपुटलं.

मीही दाखला उचलून निघायच्या बेतात होतो. ८७४ गेले तर गेले, निदान अब्रू होती. पण पोरगा भलताच प्रामाणिक निघाला. "काका, दिवस एक ओळ वर सरकवले," तो म्हणाला. "आता व्याज ४,२०५ येतंय."

"४,१७५," तात्या म्हणाले.

"४,२०५."

खोलीत असा सन्नाटा झाला की पंख्याचा आवाज ऐकू आला. तीस रुपयांचा फरक.

"गुणाकारांची बेरीज किती?" तात्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

"एक कोटी सत्तावीस लाख नव्वद हजार."

तात्यांच्या लेजरात बरोबर एक कोटी सत्तावीस लाख. फरक नव्वद हजार. तात्यांनी बोटांवर काही मोजलं नाही, मोजायची गरजच नव्हती. नव्वद हजारातले आकडे मिळवले की नऊच होतात.

ते खाली वाकले आणि पेन्सिलीचं टोक एकेका गुणाकारावरून नेऊ लागले. ५०,००० गुणिले ९१, पंचेचाळीस लाख पन्नास हजार, बरोबर. ४०,००० गुणिले ९२, छत्तीस लाख ऐंशी हजार, बरोबर. ३०,००० गुणिले ९२. व्हायला हवेत सत्तावीस लाख साठ हजार. लेजरात, तात्यांच्या त्या सुप्रसिद्ध सात-सहात, लिहिलेलं होतं २६,७०,०००. सात आणि सहा एकमेकांच्या खुर्चीत बसले होते, आणि इतकी वर्षं तसेच बसून होते. बेरीज त्या चुकीच्या आकड्याचीच केल्यामुळे ती जुळलेलीच होती. शिवाय उत्तर असं छान गोल आलं होतं की त्यावर संशय घ्यायचा कुणी? माझा अनुभव आहे, शेवटी चार शून्यं आली की हिशेब बरोबर आहे असंच माणसाला वाटतं.

आणि ही उलटापालट नवाच्या तोडग्याला आधी का सापडली नाही? कारण तेव्हा फरकात दोन चुका एकत्र मिसळलेल्या होत्या. दिवस घसरल्यामुळे पडलेला साडेसत्तावीस लाखांचा फरक मोठा, त्याच्या पोटात तात्यांचा नव्वद हजारांचा फरक लपून बसला आणि वजा होऊन २६,६०,००० उरले, जे नवानं जात नव्हते. पोराच्या चुकीनं तात्यांची चूक पदराआड घेतली होती.

"म्हणजे यांच्याकडूनच संस्थेचं तीस रुपये येणं निघतं," मॅनेजरसाहेब पुढे येत म्हणाले. त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच उजळला होता.

मी ताबडतोब पक्ष बदलला. "हातानं लिहिलेलं तेच खरं मानायची आपली परंपरा आहे," मी म्हणालो. "शिवाय माझ्याकडे बेबाकी दाखला आहे."

"तो रद्द करावा लागेल. मूळ प्रत आणा."

"लॅमिनेट केलाय."

"मग रद्दचा शिक्का बसणार कसा?" साहेब खरोखरच चिंतेत पडले. मी तीस रुपये काढून टेबलावर ठेवले, तर ते म्हणाले, "बंद खात्यात रक्कम जमा करता येत नाही. किरकोळ उत्पन्नात घ्यायची तर बोर्डापुढे विषय ठेवावा लागेल. तोवर हे पैसे उचला, नाहीतर आजची कॅश तीस रुपयांनी जादा येईल." मी पैसे उचलले. मग ते म्हणाले, "पण येणं दाखवावं तर लागेलच." मी पुन्हा ठेवले. कॅशियरनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी ते पुन्हा उचलले.

तात्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, स्वतःलाही नाही. पेन्सिलीनं २६,७०,००० वर एक आडवी रेघ मारली, वर बारीक अक्षरात बरोबर आकडा लिहून बाजूला सही केली आणि पोराला म्हणाले, "चल, आता एकेक पान आडवं वाचू. तू तारीख सांग, मी दिवस सांगतो." दोघं कामाला लागले. पोरानं दिवस वर सरकवायचे, तात्यांनी उरलेली तफावत नवानं बघायची. पाच-सहा पानं स्वच्छ निघाली. मग तात्यांची पेन्सिल थांबली.

"इथे गुणाकारांत एक लाख ऐंशी हजारांचा फरक उरतोय. एक आणि आठ, नऊ. जातंय नवानं! सभासदाकडून व्याज कमी घेतलं गेलंय." त्यांनी खातेदाराचं नाव वाचायला चष्मा नाकावर ओढला, नाव वाचलं, आणि हळूच वर पाहिलं. "साहेब, हे तुमचं घरकर्ज आहे."

मॅनेजरसाहेबांनी घसा साफ केला.

"तात्या, दर नवातली एखादी तफावत योगायोगानंही नवानं जाते, असं तुम्हीच मघाशी म्हणालात ना?"